राँग नंबरची गोष्ट: दुसरा फोन का येतो?

हिरण्यकेशी

एक कथा लिहायला घेतली आहे आणि मधेच अडले आहे. इथं सीमाभागातले लिहिणारे-वाचणारे बरेच आहेत, म्हणून कच्चा मजकूरच मांडते.

इंदूअक्का, साठीची, संकेश्वरजवळच्या खेड्यात राहते. नवरा वारलेला, मुलगा पुण्याला, नातू सुट्टीला आलेला. दीड एकर ऊस. रात्रीची लाईट आली ती दोनच फेजवर, मोटार नुसती गुणगुणत राहिली आणि जळाली. नवऱ्यानं कॅलेंडरच्या कडेला मोटार भरून देणाऱ्याचा नंबर लिहून ठेवला होता, तो नातवानं लावून दिला. लागला गोकाकला, मल्लाप्पा नावाच्या माणसाला.

"हॅलो, मोटार जळाल्या बघा आमची. पाच एचपीची. आज न्यायला येतासा काय?"

"यारी?"

"मी इंदू, खालच्या मळ्यातली. मागल्या साली तुमीच कॉईल भरून दिल्ता न्हवं?"

"अक्का, राँग नंबररी. हे गोकाक हाय."

"गोकाक? मग दुकान कवा हलिवलासा?"

"दुकान नाहीरी अक्का. मी इचलकरंजीत माग चालिवला तीस वर्सं. आता घरात बसून हाय."

"असं व्हय. बरं, ठेवते. ऊस वाळालाय हिकडं."

इथपर्यंत मला पटतं. पुढं मी असं लिहिलं आहे की दुसऱ्या दिवशी मल्लाप्पा आपणहून फोन करून विचारतो, "अक्का, मोटार झाली काय?" मग आठवड्याला फोन सुरू होतात, सुखदुःखाच्या गोष्टी होतात आणि शेवटी गोकाकच्या धबधब्यावर दोघांची भेट होते. माझी मैत्रीण वाचून म्हणाली, पहिल्या फोनपर्यंत मी तुझ्यासोबत होते, दुसऱ्या फोनला सुटले. नेमकं कुठं बिघडलंय?

कॅम्पकर

बिघाड काळात आहे. आज अनोळखी फोन आला की ट्रूकॉलर नाव दाखवतं, राँग नंबर उरलाय कुठं? ही कथा नव्वदच्या दशकात टाका. एसटीडी बूथ, पिवळा बोर्ड, मागं रांग. तेव्हा राँग नंबर लागायचे आणि माणसं बोलायचीही. बाकी कथा आहे तशी चालेल.

सजग_नागरिक

ताई, अनोळखी माणसाला गाव, शेती, मुलगा कुठं असतो हे फोनवर सांगणं धोक्याचं आहे. "राँग नंबर" म्हणत ओळख वाढवायची आणि नंतर पैसे मागायचे, अशा टोळ्या आहेत. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर तक्रार करा.

हिरण्यकेशी

सजग_नागरिक, ही कथा आहे हो. पण तुमच्या बोलण्यातलं एक मी ठेवून घेते. इंदूअक्काची सूनसुद्धा पुण्याहून हेच म्हणेल.

रानवाट

कॅम्पकर, ट्रूकॉलरचं तुमचं म्हणणं बरोबर, पण त्यावरचा उपाय उलटा पडेल. बूथमध्ये समोर मीटर पळत असतो. एसटीडीचे पैसे भरून कोण परक्या माणसाशी ऊस वाळल्याचं बोलत बसेल? आणि बूथवरून फोन केलेल्या माणसाला उलट फोन करायचा कुठं? हळूहळू होणाऱ्या मैत्रीला येणारा फोन फुकट असावा लागतो. मोबाईलवर तो २००३ च्या मे महिन्यापासून फुकट झाला. त्याच्या आधी उचलणाऱ्यालाही पैसे पडायचे, आणि तेव्हा "राँग नंबर" एवढं म्हणून लोक पटकन ठेवून द्यायचे.

म्हणून मी कथा २०१० च्या आसपास ठेवीन. दोघांकडं बटणांचे फोन, नाव दाखवणारं काही नाही. संकेश्वर आणि गोकाक दोन्ही कर्नाटक सर्कलमध्ये, म्हणजे लोकल दर. हाच फोन गडहिंग्लजला लागला असता, तर गाव हाकेवर असूनही सर्कल महाराष्ट्राचं झालं असतं, आणि अक्कानं बॅलन्सच्या धाकानं दोन वाक्यांत आवरतं घेतलं असतं. तुम्ही गोकाक निवडलंत ते योग्य झालं.

आता खरी अडचण. नंबर चुकला कसा, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. "नातवानं लावून दिला" आणि पुढं गेलात. चूक कशी झाली यावरच दुसरा फोन अवलंबून आहे. बोट घसरून चुकीचं बटण दाबलं गेलं असेल, तर ती चूक तिथंच संपली, पुढच्या वेळी नंबर बरोबर लागणार. पण चूक कागदावरच असेल तर? मग ज्या ज्या वेळी कॅलेंडर बघून फोन लावाल, त्या त्या वेळी तो गोकाकलाच जाणार.

आपल्याकडच्या जुन्या माणसांचं अक्षर आठवा. अंक इंग्रजी लिहितात, पण मधेच एखादा मराठी वळणाचा घुसतो. चार हमखास. मराठी चार घाईत लिहिला आणि वरची तोंडं जुळली की तो इंग्रजी आठ दिसतो. इंग्रजी माध्यमातला नातू त्याला आठच वाचणार. फक्त एक जपा. त्या नंबरात चार एकदाच आला पाहिजे, आणि तोही शेवटाकडं. सुरुवातीला आला तर भलत्याच राज्यातला नंबर होईल किंवा लागणारच नाही. दोनदा आला तर पोरगा दोन्ही आठ वाचेल. म्हणजे ९८ नं सुरू होणारा नंबर घ्या, मधे कुठं चार नको, शेवटून दुसरा तेवढा चार.

मग दुसरा फोन कुणाला मुद्दाम करावाच लागत नाही. सकाळी इंदूअक्का पुन्हा कॅलेंडरपाशी जाते आणि पुन्हा मल्लाप्पालाच फोन लागतो.

नलूमावशी_वडगाव

माझ्या सासूबाईंचं अगदी असंच झालं होतं. आमच्या घरात माग होते. सूतवाल्याला लावलेला फोन धारवाडच्या एका बाईंना लागला. सासूबाईंना कानडी चांगलं येत होतं, त्यामुळं बोलणं झालं. पण दोघींची मैत्री काही लगेच झाली नाही. त्या बाईंची सून बाळंत व्हायची होती आणि सासूबाईंनी डिंकाचे लाडू कसे करायचे ते सांगितलं. मग लाडू बिघडले म्हणून फोन आला. पाक पुढं गेला होता. मग पुन्हा केले, ते जमले, म्हणून फोन. असं लाडवांवरच दोन-तीन महिने गेले. एकमेकींची नावं त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हती. आमच्या म्हणायच्या "धारवाडची आई", आणि त्या आमच्यांना "बेळगावअव्वा".

सासूबाई गेल्या तेव्हा मीच तो फोन उचलला आणि सांगितलं. त्या बाई कितीतरी वेळ कानडीत बोलत राहिल्या. मला निम्मं कळलं.

त्यांची भेट झाली नाही, आणि त्याचं दोघींना काही वाटत होतं असंही दिसलं नाही. म्हणून तुमचा धबधबा मला नको वाटतो.

रानवाट

मावशी, तुम्ही फार मोलाचं सांगितलंत. लाडू बिघडले म्हणून फोन, जमले म्हणून फोन. म्हणजे प्रत्येक फोनला काहीतरी काम होतं. आपल्या भागातला माणूस, त्यातून त्या पिढीतला, "तुमच्याशी बोलावंसं वाटलं" म्हणून परक्याला फोन करत नाही. तो काम काढतो, आणि कामाच्या आडून चार शब्द बोलून घेतो. हिरण्यकेशी, तुमचा मल्लाप्पा दुसऱ्याच दिवशी नुसती चौकशी करायला फोन करतो, तिथं वाचक संशयात पडतो. हा माणूस सजग_नागरिक म्हणतात तसला तर नाही ना, असं वाटायला लागतं.

मी असं करीन: पहिले दोन फोन चुकून. तिसरा तिच्याकडून, कामाचा. चौथा त्याच्याकडून, तोही कामाचा, पण त्याचं काम तिच्यापेक्षा जड. बिनकामाचा फोन कथेत एकदाच यावा आणि फार उशिरा यावा. तो आला की वाचकाला मैत्री झाल्याचं कळेल, तुम्हाला कुठं "मैत्री" म्हणायची गरज पडणार नाही.

कॅम्पकर

बूथमधून उलट फोन करता येत नाही हे मान्य. पण दुसरी चूक इतकी सोयीची? लेखिकेला हवी तिथंच बरी झाली.

रानवाट

एकदा सोय घेतली तर वाचक चालवून घेतो, कारण तिथून अडचण सुरू होते. तिचा ऊस अजून वाळतोच आहे. सोयीनं अडचण सुटायला लागली की मात्र वाचक कुरकुरतो.

हिरण्यकेशी

रात्री बसून दुसरा फोन नव्यानं लिहिला. वाचा.

"अहो, कालपासनं वाट बघालोय. पाठवा की कुणाला तरी."

"अक्का, परत गोकाकच लागलं."

"अगंबाई! पोरानं बरोबर लावलंय, मी स्वतः हुबं ऱ्हाऊन बघितलं."

"नंबर कुणी लिवलाय?"

"आमच्या मालकांनी. आता न्हाईत ते."

मल्लाप्पा गप्प झाला. मग म्हणाला, "अक्का, शेवटनं दुसरा आकडा कसा दिसतोय? आठ? त्याचं डोस्कं बघा. उघडं हाय का झाकलंय?"

इंदूअक्कानं चष्मा आणला. कॅलेंडर खिळ्यावरनं काढून दारात उजेडाला नेलं.

"उघडं हाय. जरासं."

"मग चार हाय त्यो. इचलकरंजीत आमचा दिवाणजी असाच लिवायचा. माझा पगार एकदा चारशेचा आठशे वाचला मी. दोन दिवस लई खुशीत हुतो."

ती हसली. नवरा गेल्यापासून फोनवर हसली नव्हती, असं नातवाच्या ध्यानात आलं.

तिसरा फोन तिचा. मोटार भरून आली, पाणी सुरू झालं, हे सांगायला. "तुमच्यामुळं नंबर गावला, म्हटलं कळवावं." तो म्हणाला, "बरं केलासा. आता दोन फेजवर चालू करू नगासा. आधी तिन्ही दिवे लागलेत का बघा." तिथंच संपतो.

चौथ्यासाठी सुचलंय ते सांगते. मल्लाप्पाच्या नातीला संकेश्वरकडचं स्थळ आलं आहे. आपल्या नात्यातल्या कुणाला चौकशीला लावलं तर बातमी आधी पाव्हण्यांच्या कानावर जाते. मधला माणूस तर दोन्हीकडं गोडच बोलणार. मल्लाप्पाला त्या बाजूला दुसरं कुणी परकं माणूस ठाऊक नाही. म्हणून दीड-दोन महिन्यांनी तो इंदूअक्काला फोन करतो. "अक्का, एक काम हुतं. जड हाय. जमत नसंल तर न्हाई म्हणा."

रानवाट

हे फार चांगलं आहे. इथून कथा तुमच्या हातात आली. राँग नंबरचा एक गुण आजवर कुणी वापरल्याचं मला आठवत नाही: ती दोघांच्याही भावकीत नाही. तिला कुणाची भीड नाही, आणि म्हणूनच तिचं बोलणं खरं धरता येतं.

आता तिला त्या गावात काय कळतं ते ठरवा. पोरगा पितो, हे नको, ते कुणालाही सुचतं. जमिनीचं काहीतरी घ्या. स्थळ बघायला नेतात तेव्हा पाव्हण्यांना मळा दाखवतात. दाखवलेला मळा त्यांचाच कशावरून?

नलूमावशी_वडगाव

हे अगदी होतं. आमच्या नात्यात चुलत्याचं रान आपलं म्हणून दाखवलं होतं.

हिरण्यकेशी

मग असं. इंदूअक्का हळदीकुंकवाच्या निमित्तानं त्या गावात ओळखीच्या बाईकडं जाते. मळा बघून येते. कुणाचं रान म्हणून थेट विचारत नाही, ऊस कुणाच्या नावावर कारखान्याला जातो एवढंच विचारते. उत्तर देताना ती बाई अडखळते. इंदूअक्का सर्व्हे नंबर तेवढा विचारून घेते, कारण उतारा काढला तरी तो कानडीत, तिला वाचता येणार नाही. नंबर ती मल्लाप्पाला फोनवर सांगते, आणि तो गोकाकच्या नाडकचेरीत जाऊन उतारा काढतो. त्याला कानडी येतं. तिनं गाव बघायचं, त्यानं कागद वाचायचा.

कॅम्पकर

इथं मी मदत करू शकतो, जमिनीच्या कामात बरीच वर्षं घालवली आहेत. मल्लाप्पानं अकरावा रकाना बघावा. तिथं बँकेचा बोजा दिसेल. बोजा असला की स्थळ गेलं.

रानवाट

कॅम्पकर, अकराव्यात बोजा असतो हे बरोबर, पण पीककर्जाचा बोजा कुणाच्या उताऱ्यावर नाही? त्यावरून स्थळ मोडायचं तर चिकोडी-हुक्केरीत एक लग्न होणार नाही. त्यानं नववा रकाना बघायला हवा, मालकाच्या नावाचा. तिथं मुलाच्या बापाचं किंवा आज्याचं नाव नसून भलत्याच माणसाचं असेल, तर रान दुसऱ्याचं. मग बारावा बघायचा, कसतो कोण त्याचा. तिथं बापाचं नाव निघालं, तर माणसं दुसऱ्याचं रान कसून खाणारी आहेत. म्हणजे कष्टाळू आहेत. खोटं बोलली आहेत ती लाजेपोटी. ही गुंतागुंत मला आवडेल.

आणि नाडकचेरीत नुसता सर्व्हे नंबर पुरत नाही. तालुका, होबळी, गाव आणि हिस्सा लागतो. इंदूअक्कानं हिस्सा विचारलेला नसतो, म्हणून मल्लाप्पाला परत फोन करावा लागतो. हा मधला फोन ठेवाच. दोघं मिळून काहीतरी शोधत आहेत, हे त्यातून आपोआप येतं.

कॅम्पकर

हिश्शाचं खरं आहे. बाराव्या रकान्याबद्दल मात्र माझा अनुभव वेगळा. दुसऱ्याचं रान तोंडी बोलीवर कसणाऱ्याचं नाव तिथं सहसा चढू देत नाहीत. मालकाला कुळाची भीती असते. ते रिकामं किंवा मालकाचंच असेल.

रानवाट

हे मला मान्य. मग कागदावर फक्त "रान यांचं नाही" एवढंच कळेल. कष्टाळू असल्याचं इंदूअक्कानंच सांगायला हवं, तिनं डोळ्यांनी बघितलेलं. हे जास्त चांगलं झालं. अर्धं कागद सांगतो, अर्धं ती.

नलूमावशी_वडगाव

पण तिनं सांगावं का? पोरीचं जुळत आलेलं लग्न. उद्या मोडलं तर खापर कुणावर? बाईमाणूस, एकटी राहणारी, शेजारच्याच गावात तोंड दाखवायचं. माझ्या सासूबाई असत्या तर "मला काही कळलं नाही हो" म्हणून मोकळ्या झाल्या असत्या, आणि मी त्यांना नाव ठेवलं नसतं.

हिरण्यकेशी

मावशी, तुमच्या या प्रश्नावर मी दोन दिवस अडून बसले. शेवटी तिनं सांगावं असंच ठरवलं, पण निकाल देऊ नये. तो प्रसंग असा:

"रान त्येंचं न्हाई. उतारा तुमी बघितलासाच."

"बघितलं."

"खरं एक सांगते. मी गेल्ते तवा दुपारचा एक वाजल्याला. पोरगा बापासंगं सरीत पाणी पाजत हुता. चिखलात गुडघ्यापातूर. आई भाकरी घिऊन आली, त्यानं आधी तिला बसायला जागा पुसून दिली. मी बांधावरनं बघितलं, त्येंला ठावं न्हाई कोण बघतंय ते."

मल्लाप्पा काहीच बोलला नाही.

"खोटं बोल्ल्यात. ते बी खरं. आता तुमचं तुमी बघा. मी आजी असते तर काय केलं असतं, ते मला इचारू नगासा."

यानंतर त्याचा फोन येत नाही. लग्न ठरलं की मोडलं, तिला कळत नाही. आपल्यामुळं काही झालं का, हे तिला विचारवत नाही. ऊस तोडीला जातो, नातू परीक्षेला बसतो. तिच्याकडं नंबर आहे, पण काम नाही, आणि काम नसताना फोन कसा करायचा? रानवाट म्हणाले तो बिनकामाचा फोन मी तिलाच दिला आहे. ती फोन लावते. तो उचलतो.

"अक्का? काय झालं? मोटार?"

"मोटार बरी हाय."

"मग?"

"मग काय न्हाई. जेवलासा काय?"

नातीचं काय झालं ते त्या फोनवर ती विचारत नाही, तोही सांगत नाही. तो आदल्या दिवशीच्या शेंगाच्या चटणीचं सांगत बसतो. मी इथं थांबते आहे.

रानवाट

"मोटार?" हा प्रश्न उत्तम. फोनला काम असणारच, असं अजून त्याच्या डोक्यात आहे. एकच सूचना, "मोटार बरी हाय" नंतर तुम्ही काही वर्णन घालू नका, घातलेलं नाही ते बरं. धबधबा गेला, हेही बरं.

नलूमावशी_वडगाव

मला नातीचं काय झालं ते कळायलाच हवं. एवढं सगळं वाचून लग्न ठरलं का मोडलं ते न सांगता थांबणं हे वाचणाऱ्यावर अन्याय आहे. निदान तो एवढं तरी म्हणू दे की पत्रिका पाठवतो.

कॅम्पकर

मी मावशींच्या बाजूनं. शिवाय पत्रिका पाठवली तर तिच्यावर गोकाकचा पत्ता येईल, तो नंबरासकट.

हिरण्यकेशी

पत्रिकेचा विचार मनात होता. पण ती कानडीत छापलेली असेल, आणि ती वाचून घ्यायला अक्काला त्याच गावातल्या कुणाकडं तरी जावं लागेल. तिथं नवरदेवाचं नाव निघालं, की चौकशी कुणी केली हे गावाला कळलं. त्यामुळं मल्लाप्पा पत्रिका पाठवणार नाही, असं मला वाटतं. तोंडी सांगेल का, ते अजून ठरत नाही. शेवटचा प्रसंग दोन्ही प्रकारे लिहून बघते आणि उद्या-परवा इथंच टाकते.